नेरूळला जाणारं सांबारं

मागच्या वर्षी फेब्रुवारीत आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर ती माझ्याकडे ठाण्यात राहिली आणि मग तिला तिच्या घराची ओढ लागली. नेरूळचं दोन खोल्यांचं घर, खिडकीतली तुळस, समोरच्या काकू. वॉकर घेऊन ती घरभर फिरत होती, पण ओट्यापाशी दहा मिनिटांच्या वर उभं राहायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. डबा लावून पाहिला. त्यातली आमटी गोडसर असायची आणि मालवणी जिभेला ते जमत नाही. दोन घास खाऊन ती ताट सारून ठेवायची. नोकरी सांभाळून मला रोज ठाण्याहून जाणं शक्य नव्हतं. रविवार तेवढा माझा होता. तेव्हा ठरवलं, आठवड्याचं रांधायचं, गोठवायचं आणि घेऊन जायचं.

पहिल्या खेपेला मी काळ्या वाटाण्याचं सांबारं नेलं, कारण ते तिचं सगळ्यात आवडतं. शनिवारी रात्री पातेलंभर केलं, आमच्याकडे घालतात तसे बटाटे घातले, दोन लिटरच्या स्टीलच्या डब्यात भरलं आणि कोमट असतानाच फ्रीजरमध्ये ठेवून झोपले. सकाळी डबा बाहेरून दगडासारखा होता. नेला. मंगळवारी दुपारी आईने तो सुटायला म्हणून ओट्यावर काढून ठेवला. संध्याकाळपर्यंत कडेचं पातळ झालं होतं, आत बर्फाचा गोळा तसाच. तिने उलथन्याने कडेचं खरवडून एका वेळेपुरतं घेतलं आणि उरलेला डबा परत फ्रीजरमध्ये ठेवला. गुरुवारी डबा पुन्हा बाहेर आला तेव्हा पाणी एकीकडे, वाटप एकीकडे, बटाटे बोटाने दाबले की स्पंजासारखे पाणी सोडत होते, आणि वास आंबूस. रात्री फोनवर ती एवढंच म्हणाली, "टाकलं गो मी ते." ताटात शीत ठेवू न देणाऱ्या बाईने दीड लिटर सांबारं टाकलं होतं, आणि ते मी दिलेलं होतं. त्या रात्रीपासून मी या विषयाच्या मागे लागले.

त्यानंतरच्या वर्षभरात जे समजलं ते सगळं पाण्याभोवती फिरतं. आमटी असो, कणीक असो की आलं, त्यात पाणी असतं, आणि पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. त्याचे स्फटिक बनतात. अन्न जर शून्य ते उणे पाच अंशांच्या पट्ट्यातून रेंगाळत खाली गेलं, तर स्फटिकांना वाढायला सवड मिळते. ते मोठे आणि टोकदार होतात, भाजीच्या पेशींच्या भिंती फाडतात. सुटल्यावर त्या फाटक्या पेशी आपलं पाणी धरू शकत नाहीत, म्हणून भाजी लिबलिबीत होते आणि ताटलीत पाणी साचतं. तोच पट्टा भरकन ओलांडला तर स्फटिक बारीक राहतात आणि मोडतोड कमी होते. बर्फ सुटतानाही हाच पट्टा उलट्या दिशेने पार करायचा असतो, आणि तिथे रेंगाळलं तर बारीक स्फटिक विरघळून मोठ्यांना मिळतात. मी दोन लिटरचा डबा ठेवला होता. त्याच्या मधल्या भागाला गोठायला रात्र पुरली नव्हती. आईने तो ओट्यावर सोडवला तेव्हा हीच चूक दुसऱ्यांदा झाली, आणि परत ठेवला तेव्हा तिसऱ्यांदा.

आंबूस वासाचं कारण मात्र वेगळं, आणि ते चवीपेक्षा गंभीर आहे. फ्रीजरमध्ये जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. काही जंतूंची बीजं तर उकळीतूनही वाचतात. कडधान्याची घट्ट आमटी मोठ्या भांड्यात झाकून ठेवली की तिचा गाभा तासन् तास कोमट राहतो, आणि कोमटपणा हा त्यांचा सुगीचा काळ. म्हणून शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत थंड करून फ्रीजमध्ये जायला हवं. ठाण्यात एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघरातली हवाच बत्तीस-तेहतीस अंश असते. तिथे ‘निवू दे जरा’ म्हणून पातेलं ओट्यावर ठेवलं तर ते तीन तासांनीही निवत नाही.

आता मी सांबारं कसं करते ते सगळं सांगते, कारण यातली प्रत्येक पायरी कुठल्या ना कुठल्या बिघाडावरून आलेली आहे.

पाव किलो काळे वाटाणे शुक्रवारी रात्री भिजत घालते. शनिवारी सकाळी कुकरला लावते, पण नेहमीपेक्षा एक शिट्टी कमी. बोटांत दाबला तर वाटाणा फुटावा, पण त्याचं पीठ होऊ नये. गोठताना आणि परत उकळताना तो आणखी मऊ होणारच असतो; आधीच पूर्ण शिजवला तर सालं वेगळी होऊन रश्श्यात तरंगतात. बटाटे घालत नाही. शिजलेल्या बटाट्यातला स्टार्च गार झाला की आकसतो आणि पाणी बाहेर ढकलतो, मग गोठल्यावर तो रवाळ आणि पोकळ होतो. त्याला इलाज नाही. आईला बटाटा हवाच असेल तर समोरच्या काकू एक उकडून देतात आणि तो गरम करताना पडतो. कांदा आणि खोबरं खरपूस भाजून केलेलं वाटप मात्र गोठवायला उत्तम, कारण भाजताना त्यातलं बरंचसं पाणी आधीच गेलेलं असतं. नारळाच्या दुधातल्या पातळ रश्श्याचं तसं नाही, तो फाटल्यासारखा दिसतो. दह्याच्या कढीच्या तर मी वाटेलाच जात नाही.

लवंग आणि मिरी मी निम्मी करते, कारण गोठवलेल्या रश्श्यात त्या पुढे येऊन जीभ झोंबवतात. कोथिंबीर अजिबात घालत नाही, ती काळी पडते आणि गवतासारखी लागते. मीठ थोडं हातचं राखते. आणि पाणी कमी ठेवते. सांबारं असं दाट ठेवायचं की डाव उभा केला तर हळूहळू कलंडावा. कमी पाणी म्हणजे कमी बर्फ, आणि पिशवीला जागाही कमी लागते. पातळ करायला आईच्या घरी गरम पाणी आहेच.

गॅस बंद केला की पातेलं सरळ सिंकमध्ये. खाली पाणी, त्यात बर्फाचे दोन ट्रे. आमच्या टाकीचं पाणी उन्हाळ्यात हाताला गरम लागतं, नुसत्या पाण्याने काही होत नाही. डावाने तळापासून ढवळत राहायचं. पंधरा-वीस मिनिटांत पातेल्याची बाजू हाताला गार लागते. मग अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये, आणि त्यानंतर पिशव्या भरायच्या. गरम आमटी थेट फ्रीजरमध्ये का नाही, तर ती शेजारच्या पिशव्यांना घाम फोडते. आपलं एक पातेलं गोठवताना आधीची चार पाकिटं कडेने सुटतात आणि परत गोठतात.

एका पिशवीत एक वाटी, म्हणजे आईचं एका वेळचं. पाव किलो वाटाण्याच्या सहा होतात. घट्ट बंद होणारी पिशवी उंच पेल्यात उभी करून तिचं तोंड बाहेर दुमडते, म्हणजे कडेला रस्सा लागत नाही; लागला तर पिशवी नीट बंद होत नाही. तारीख आधीच लिहून ठेवते, भरल्यावर ओल्या पिशवीवर मार्कर चालत नाही. मग आडवी करून तळहाताने सारखी करायची, हवा कोपऱ्यातून काढायची, जाडी दोन बोटांपेक्षा कमी. जाडी दुप्पट झाली की गोठायचा वेळ दुपटीहून बराच वाढतो, आणि माझ्या पहिल्या डब्याचं सगळं दुखणं तिथेच होतं. या पिशव्या मी ॲल्युमिनियमच्या ताटावर एकेक पसरून ठेवते. थंडी धातूतून लवकर चढते. गोठेपर्यंत एकावर एक रचायच्या नाहीत. चार-पाच तासांत त्या पाटीसारख्या कडक होतात आणि मग पुस्तकांसारख्या उभ्या राहतात.

रविवारी मेगाब्लॉकच्या आधी पोचायचं म्हणून मी सकाळी लवकरची ट्रान्स-हार्बर लोकल धरते. पिशव्या वर्तमानपत्रात एकत्र गुंडाळून थर्माकोलच्या पेटीत. मोकळी जागा उरली तर तिथेही कागद कोंबायचा, कारण पेटीतली हवा जितकी कमी तितकं बरं. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे करत अर्ध्या-पाऊण तासात नेरूळ येतं. घरी पोचून पाकीट वाजवून पाहिलं तर टक असा आवाज येतो. तो आला की मला बरं वाटतं.

सोडवायची पद्धत आम्ही दोनदा बदलली. नियमाने पाहिलं तर आदल्या रात्री पिशवी ताटलीत ठेवून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवावी, सकाळपर्यंत ती सुटते आणि या सगळ्या वेळात अन्न थंडच राहतं. पण आईला रात्री ते आठवत नव्हतं, आणि खालच्या कप्प्यासाठी वाकणंही तिला मना होतं. मायक्रोवेव्ह वापरून पाहिला. त्यात कोपरे खदखदतात आणि मध्ये बर्फ राहतो, कारण त्या लहरी पाण्यात चांगल्या शोषल्या जातात, बर्फात फार कमी. जिथे आधी पाणी सुटलं तिथेच सगळा जोर लागतो. शेवटी ठरलं ते असं: पिशवी नळाखाली अर्धा मिनिट धरायची, पाटी सुटते. ती लहान कढईत टाकायची, पाव वाटी उकळतं पाणी घालायचं, झाकण ठेवून गॅस बारीक. आईने खुर्चीत बसून रेडिओ ऐकायचा. पाच-सहा मिनिटांनी कडा सुटलेल्या असतात. मग डावाने मोडून मोठ्या आचेवर खळखळून उकळी. पाटी पातळ आहे म्हणूनच हे जमतं, दोन लिटरच्या गोळ्याला हे लागू नाही.

उकळीनंतर दोन गोष्टी. मीठ चाखून घालायचं. आणि नवी फोडणी: चमचाभर तेल, ठेचलेली एक लसूण पाकळी, कढीपत्त्याची चार पानं, चिमूटभर हिंग. फ्रीजरमध्ये सगळ्यात आधी हरवतो तो वरवरचा वास, ज्याने घरातल्याला कळतं की जेवण तयार आहे. तो परत आणता येत नाही, पण नवा घालता येतो. आई म्हणते, आतली चव आठवड्याची मुरलेली आणि वास आत्ताचा.

एक घाबरवणारा प्रसंगही घडला. एका सोमवारी तिचा फोन आला, "सांबाऱ्यावर बुरशी आलीय, पांढरे ठिपके." मी तिला पिशवीतलं सांबारं तसंच कढईत घालून गरम करायला सांगितलं. ठिपके विरघळले. ती खोबऱ्याची चरबी होती. खोबरेल चोवीस अंशांच्या आसपास थिजतं, थंडीत देवघरातली बाटली घट्ट होते तसंच हे. बुरशी उकळीत विरघळत नाही. खरी काळजी वेगळ्या पांढऱ्याची करावी. पिशवीच्या आत, अन्नाच्या वर, भुरभुरीत हिमासारखं जमतं ते अन्नाचंच बाहेर आलेलं पाणी असतं. आजच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये बर्फ साचू नये म्हणून आतला हीटर अधूनमधून सुरू होतो आणि तापमान जरासं वर-खाली होत राहतं. त्यातून हे होतं. असं पाकीट खाण्यात धोका नाही, पण चव कोरडी आणि कागदासारखी झालेली असते. खोबऱ्याचं वाटप मी सहा आठवड्यांच्या पुढे ठेवत नाही. फ्रीजरमध्येही खोबऱ्याला खवट व्हायला वेळ लागतो एवढंच, ते व्हायचं थांबत नाही.

कणकेने मला सांबाऱ्यापेक्षा जास्त दमवलं.

मळलेली कणीक फ्रीजमध्ये ठेवली की दुसऱ्या दिवशी करडी पडते हे सगळ्यांना माहीत आहे. गव्हाच्या कोंड्यातल्या विकरांचं ते काम, कापलेलं वांगं काळं पडतं त्याच जातीचं. फ्रीजरमध्ये ते जवळजवळ थांबतं, म्हणून मला वाटलं कणीक सोपी जाईल. नेहमीसारखी मऊ मळली आणि मोठा उंडा करून गोठवला. सुटल्यावर परातीत जे आलं ते बाहेरून चिकट आणि आतून तुटक होतं. लाटी लाटताना कडेला फाटत होती, मध्ये ओले डाग दिसत होते आणि चपाती तव्यावर फुगली नाही. कणीक ताणली जाते ती ग्लुटेनच्या जाळ्यामुळे. बर्फ होताना पाणी त्या जाळ्यातून ओढून घेतलं जातं आणि स्फटिक जाळं फाडतात. सुटल्यावर ते पाणी परत आपल्या जागी जात नाही, बाहेर चिकटपणा होऊन राहतं. अशा वेळी कोरडं पीठ लावायचा मोह होतो. मीही लावलं, आणि चपात्या चामड्यासारख्या झाल्या.

मग मी असं बदललं. पाव किलो पिठाला एरवी जेवढं पाणी लागतं त्यातलं दोन चमचे काढून ठेवते. एक मोठा चमचा तेल मळतानाच घालते. वीस मिनिटं झाकून ठेवते, त्याहून जास्त नाही, कारण बाहेर पडून राहिली की करडेपणा सुरू होतो. परत तिंबून लिंबाएवढे गोळे करायचे, हातावर थोडे चपटे करायचे, तेलाचा हात फिरवायचा, आणि ताटात एकमेकांना न लागता दीड-दोन तास गोठवायचे. मग सगळे एका पिशवीत. दोन आठवड्यांत संपवायचे. सोडवताना हवे तेवढेच गोळे रात्री झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये. झाकण महत्त्वाचं, कारण नवी मुंबईच्या दमट हवेत उघड्या थंड गोळ्यावर लगेच दव धरतं. डबा बंद असला की दव डब्याच्या बाहेरच्या बाजूला धरतं. सकाळी बंद डबाच अर्धा तास बाहेर, नंतर तेलाच्या बोटांनी प्रत्येक गोळा मिनिटभर तिंबायचा. पुन्हा तिंबल्याने जाळं थोडंफार सांधलं जातं. ताज्या कणकेइतकी ती होत नाही. घडीची चपाती करायला गेलं तर पदर कमी सुटतात. साधा फुलका मात्र टम्म फुगतो.

पण लाटायला उभं राहता येत नसलेल्या माणसाला गोळ्यांचा काय उपयोग? म्हणून आईसाठी मी अर्धकच्च्या चपात्या करायला लागले, आणि चवीच्या हिशोबात त्या गोळ्यांपेक्षा सरस आहेत असं माझं स्पष्ट मत आहे. चपाती लाटून गरम तव्यावर दोन्ही बाजूंनी पंधरा-वीस सेकंद, रंग बदलेपर्यंतच. तपकिरी ठिपका येऊ द्यायचा नाही. सुती फडक्यावर पूर्ण गार करायच्या, वाफ राहिली तर तीच बर्फ होऊन चपात्या चिकटतात. दोन चपात्यांमध्ये बटर पेपर, आठ-आठचा गठ्ठा, पिशवीतली हवा काढून फ्रीजरमध्ये. काढल्यावर सोडवायच्याच नाहीत. कडकडीत तव्यावर गोठलेली चपाती टाकायची, एका बाजूला अर्धा मिनिट, उलटून कडा फडक्याने दाबायच्या. ती फुगते. आईने पहिल्यांदा फुगताना पाहिली तेव्हा फोन करून सांगितलं.

याच निमित्ताने एक जुनी सवयही सुटली. उरलेल्या चपात्या मी वर्षानुवर्षं फ्रीजमध्ये ठेवत आले होते. शिजलेल्या पिठातला स्टार्च चार-पाच अंशांना सगळ्यात लवकर ताठर होतो, म्हणजे फ्रीज हीच चपाती शिळी करायची सर्वांत वाईट जागा. डब्यात बाहेर ठेवून त्याच दिवशी संपवावी, नाहीतर सरळ फ्रीजरमध्ये टाकावी.

आल्याचं काम तुलनेने सोपं, पण त्यातही आईने मला एक गोष्ट शिकवली. मी आल्याची पेस्ट करते ती पाण्याशिवाय. पाव किलो आलं सोलून आडव्या पातळ चकत्या करते, कारण धागे लांबीच्या दिशेने असतात आणि उभं कापलं तर मिक्सरच्या पात्याला ते गुंडाळले जातात. दोन मोठे चमचे तेल, चिमूटभर मीठ, आणि वाटायचं. पाणी घातलं तर पेस्टचा बर्फ होतो आणि सुटल्यावर वर पाणी, खाली चोथा. तेलामुळे ती तितकी कडक होत नाही आणि वासही धरून ठेवते. पिशवीत अर्धा सेंटिमीटर जाडीत पसरून सुरीच्या पाठीने बाहेरूनच चौकोनाच्या रेघा मारते. गोठली की वडीसारखे तुकडे मोडतात, एक तुकडा एका भाजीला. ही पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून डब्यात बंद करायची, नाहीतर पाण्यातल्या बर्फालाही आल्याचा वास येतो. सोडवायची गरज नाही, पण तापलेल्या तेलात तुकडा टाकू नये, त्यातलं पाणी तडतडून हातावर उडतं. कांदा मऊ झाला की त्याच्यावर टाकायचा, आणि कच्चा वास जाईपर्यंत परतायचा.

मी ही पेस्ट आईकडे नेली आणि तिने पहिल्याच दिवशी तिचा चहा केला. चहावर तेलाचा तवंग. त्यावर ती म्हणाली, "भाजीचं आलं वेगळं, चहाचं वेगळं." तेव्हापासून चहासाठी आख्खं आलं धुऊन, पुसून, कोरडं करून तसंच गोठवते. गोठलेलं आलं किसणीवर अगदी भुगा होऊन पडतं, धागे बर्फाबरोबर तुटतात, सोलायचीही गरज पडत नाही. किसून झालं की तुकडा लगेच परत आत, सुटू द्यायचा नाही, कारण सुटलेलं आलं रबरासारखं वाकतं आणि किसलं जात नाही. चहात मात्र ते पाण्यातच घालून दोन मिनिटं उकळवावं लागतं, दूध नंतर. आल्यात दूध फाडणारं एक विकर असतं. गोठवल्याने ते मरत नाही, उकळीने मरतं.

पावसाळ्यात एकदा आईकडे दुपारी लाईट गेली आणि ती किती वेळ नव्हती हे झोपेत तिला कळलं नाही. तेव्हापासून तिच्या फ्रीजरमध्ये एक वाटी आहे. वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवलंय. नाणं वर असलं तर पाकिटं चांगली. खाली गेलेलं दिसलं तर मधल्या वेळात सगळं सुटून परत गोठलंय असं समजायचं आणि मला फोन करायचा. आतापर्यंत ते वरच आहे. सकाळी दूध काढताना ती आधी नाणं बघते.

ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी तिला उंच खुर्चीत बसून हलकं काम करायला परवानगी दिली. त्या रविवारी मी पिशव्या रचत होते आणि तिने विचारलं, "कणकेचे गोळे करायचीस ना, ते आता नाही करत?" मी म्हटलं, "तुला लाटायला लागू नये म्हणून चपात्याच आणते." ती काही बोलली नाही. पुढच्या खेपेला मी सहा गोळे नेले आणि जेवणाच्या टेबलावर पोळपाट मांडून दिला. तिने एक गोळा हातात घेतला, दाबून पाहिला, तेलाचं बोट लावून परत तिंबला. लाटी गोल आली. तवा मी सांभाळला. चपाती फुगली तेव्हा तिने माझ्याकडे नाही, चपातीकडेच पाहिलं, आणि दुसरा गोळा उचलला.

काल रात्री फोनवर यादी सांगत होती. सांबाऱ्याच्या चार पिशव्या, चवळीच्या दोन, चहाचं आलं. "आणि तयार चपात्या नको आणूस आता. गोळे आण, दहा."